पेटंटच्या मराठीत ‘सोपे करून’ लिहायला बंदी हवी

शेत विकताना खरेदीखतात चतुःसीमा लिहितात. पूर्वेस अमुकाचा गट, पश्चिमेस नाला, उत्तरेस शिवरस्ता. त्या चार ओळींनी ठरते की जमीन कुणाची कुठवर. पेटंटच्या कागदात शेवटी जे ‘क्लेम्स’ येतात, ते शोधाची अशीच चतुःसीमा असतात. 1970 च्या पेटंट कायद्याचे कलम 10 सांगते की संपूर्ण विनिर्देशाच्या शेवटी मागितलेल्या संरक्षणाची व्याप्ती ठरवणारे क्लेम असले पाहिजेत आणि ते स्पष्ट व आटोपशीर असले पाहिजेत. आधीची वीस-तीस पाने वर्णनाची, आकृत्यांची. त्यांचा उपयोग क्लेम समजून घ्यायला होतो, पण हद्द ठरते ती शेवटच्या एक-दोन पानांत.

जमिनीच्या आणि शोधाच्या चतुःसीमेत एक फरक मात्र आहे, आणि अनुवादाचे सगळे अवघडपण त्यातूनच येते. खरेदीखतात तपशील वाढवला तर हद्द स्पष्ट होते. क्लेममध्ये तपशील वाढवला तर हद्द आकसते. दुसऱ्याने केलेल्या वस्तूत क्लेममधला प्रत्येक घटक सापडला पाहिजे, तरच ती त्या क्लेमच्या हद्दीत येते. त्यामुळे अनुवादकाने चांगल्या हेतूने घातलेला ‘घट्ट’ किंवा ‘थेट’ असा एखादा शब्दही पेटंटधारकाची जमीन दुसऱ्याच्या नावे करून टाकतो. उलट एखादा शब्द गाळला, की शेजाऱ्याची जमीन कुंपणात येते.

हा प्रश्न खान्देशात आज खरा आहे. रावेर-यावलच्या केळीखाली ठिबकच्या नळ्या पसरलेल्या आहेत आणि जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या औद्योगिक वसाहतींत साचे करणारे, प्लॅस्टिक ओतणारे, ड्रीपर आणि फिल्टर जुळवणारे छोटे कारखाने आहेत. अशा कारखानदाराच्या हाती पेटंटची नोटीस येते किंवा परवान्याचा करार येतो, तेव्हा सोबतचा पेटंटचा कागद इंग्रजीत असतो. भारतीय पेटंट कार्यालयात कागदपत्रे हिंदी किंवा इंग्रजीतच दाखल होतात. मराठी अनुवादाला तिथे अधिकृत स्थान नाही. मग कुणीतरी ‘सोप्या मराठीत’ करून देते, आणि त्या सोप्या मराठीवर विसंबून साचा कापला जातो. साच्याचे पोलाद एकदा कापले की चूक परत जोडता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की शेतीच्या अवजारांवरच्या मंजूर पेटंटांचे क्लेम मराठीत मिळायलाच हवेत. पण क्लेम आणि सोपा सारांश हे दोन वेगळे कागद असले पाहिजेत. सारांश हवा तितका सोपा करा. क्लेमच्या अनुवादात सोपेपणासाठी एक शब्दही हलता कामा नये.

नमुन्यादाखल एक क्लेम घेऊ. तो कुठल्याही खऱ्या पेटंटातला नाही, फक्त दाखवण्यासाठी रचलेला आहे, पण त्यातली वस्तू ओळखीची आहे. नळीच्या आत बसणारा, दाब कमी-जास्त झाला तरी पाणी सारखे सोडणारा ड्रीपर. पाणी आत शिरते, नागमोडी मार्गातून जाताना त्याचा दाब घटतो आणि ते एका पोकळीत येते. पोकळीवर सिलिकॉनचा पडदा असतो. त्याच्या एका बाजूला नळीतला दाब, दुसऱ्या बाजूला पोकळीतला. नळीतला दाब वाढला की पाणी बाहेर जाण्याच्या छिद्राकडे पडदा वाकतो, मधली फट अरुंद होते आणि दाब वाढूनही बाहेर पडणारे पाणी फारसे वाढत नाही. दाब उतरला की पडदा आपल्या जागी परत येतो.

अशा ड्रीपरच्या मूळ इंग्रजी क्लेमचा ‘सोपा’ अनुवाद साधारण असा होतो:

> ठिबक सिंचनासाठी एक ड्रीपर, जो एक कवच, एक नागमोडी मार्ग आणि कप्प्यातील लवचिक पडद्याने झाकलेले छिद्र यांचा बनलेला आहे, ज्यातील झिल्ली दाब वाढल्यास छिद्र बंद करून पाण्याचा प्रवाह समान ठेवते.

वाचायला बरे वाटते. ड्रीपर कसा चालतो तेही कळते. क्लेम म्हणून मात्र हे वाक्य पाच-सहा ठिकाणी मोडलेले आहे.

पहिली मोडतोड ‘यांचा बनलेला’ या शब्दांत आहे. मुळात ‘कम्प्रायझिंग’ आहे. पेटंटच्या भाषेत त्याचा अर्थ असा की इतके घटक तरी असलेच पाहिजेत, आणखी काही असले तरी चालेल. ‘कन्सिस्टिंग ऑफ’ हा वेगळा शब्द आहे आणि त्याचा अर्थ एवढेच, दुसरे काही नाही. मराठीत ‘यांचा बनलेला’ म्हटले की वाचणारा दुसरा अर्थ घेतो. कारखानदार विचार करतो, आपण त्यात एक जाळीचा फिल्टर वाढवला की आपली वस्तू वेगळी झाली. मूळ क्लेमप्रमाणे ती वेगळी झालेली नसते. म्हणून उघड्या शब्दासाठी ‘ज्यात पुढील गोष्टींचा समावेश आहे’ आणि बंद शब्दासाठी ‘जो केवळ पुढील गोष्टींचाच बनलेला आहे’ अशी जोडी एकदा ठरवून टाकावी आणि ती सगळ्यांनी वापरावी. ‘केवळ’ आणि ‘च’ हे दोन्ही ठेवावेत. कानाला ते जास्त वाटते, पण दार बंद आहे हे एकाच नजरेत कळायला हवे.

दुसरी मोडतोड ‘एक’ या शब्दाची. इंग्रजीत नामाआधी ‘अ’ लावावाच लागतो, आणि पेटंटच्या वाचनात उघड्या क्लेममधल्या त्या ‘अ’चा अर्थ सहसा ‘एक किंवा अधिक’ असा होतो. मराठीत ‘एक कवच, एक मार्ग’ लिहिले की ती संख्या होते. दोन नागमोडी मार्गांचा ड्रीपर मग हद्दीबाहेर गेल्यासारखा दिसतो. उपाय अगदी साधा आहे. मराठीला आर्टिकल लागत नाही, तर घालू नये. मुळात खरोखर संख्या सांगितली असेल तिथेच ती लिहावी. ‘ॲट लीस्ट वन’ ला ‘किमान एक’. ‘प्लुरॅलिटी’ ला ‘दोन किंवा अधिक’; ‘अनेक’ नको, कारण दोन वस्तूंना मराठी माणूस अनेक म्हणत नाही.

आर्टिकल गेले की ‘द’ आणि ‘सेड’ यांचे काय, असा प्रश्न उरतो. क्लेममध्ये एखादा भाग पहिल्यांदा आला की त्याची ओळख होते आणि पुढे प्रत्येक वेळी ‘तोच तो’ असे बजावावे लागते. यासाठी मराठीला कुठे हात पसरायची गरज नाही. तलाठ्याच्या दप्तरात आणि खरेदीखतात ‘सदर’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतो आहे. पहिल्या उल्लेखाला नुसते नाम, पुढच्या प्रत्येक उल्लेखाला ‘सदर’, आणि दोन्ही वेळा कंसात आकृतीतला क्रमांक. ‘सदर’ आले आणि आधी त्या भागाची ओळखच झालेली नाही, असे दिसले तर समजावे की कुठेतरी घटक गळला आहे. अनुवाद तपासायची ही सर्वांत झटपट खूण आहे.

आता ‘लवचिक’. माझ्या मते या वाक्यातली सर्वांत महाग चूक हीच आहे, आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. इंग्रजीत ‘फ्लेक्सिबल’ म्हणजे वाकणारे, ‘इलॅस्टिक’ म्हणजे ताणले-दाबले तरी मूळ आकाराला परतणारे. रोजच्या मराठीत दोन्हींना आपण लवचिक म्हणतो. सायकलची ट्यूब लवचिक आणि पॉलिथिनची पिशवीही लवचिक. ड्रीपरमध्ये मात्र सगळी करामत परतण्याचीच आहे. वाकणारी पण न परतणारी पातळ फिल्म बसवली तर दाब उतरल्यावर फट उघडत नाही. मूळ क्लेममध्ये ‘इलॅस्टिक’ असेल आणि मराठीत ‘लवचिक’ झाले, तर क्लेम होता त्याहून मोठा दिसतो. ज्याने वाकणारी फिल्म वापरून वेगळ्याच तत्त्वावर चालणारी वस्तू केली आहे, तो उगाच घाबरून हात आखडता घेतो. उलट मुळात ‘फ्लेक्सिबल’ असेल आणि अनुवादकाने पांडित्याने ‘स्थितिस्थापक’ लिहिले, तर पेटंटधारकाचा हक्क विनाकारण आकसतो. शाळेच्या विज्ञानात स्थितिस्थापकता हा शब्द सगळ्यांनी वाचलेला आहे. ‘इलॅस्टिक’ साठी तो घ्यावा आणि ‘फ्लेक्सिबल’ साठी ‘लवचिक’ राखून ठेवावा. ‘रेझिलिअंट’ असा तिसरा शब्द त्याच कागदात आला तर त्यालाही स्वतंत्र प्रतिशब्द द्यावा, तो लांबला तरी चालेल. इंग्रजीत दोन शब्द असतील तर मराठीतही दोनच असले पाहिजेत.

याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘पडदा’ आणि पुढच्याच ओळीत ‘झिल्ली’. शाळेत निबंधाला गुण मिळवताना आपल्याला शिकवले गेले की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये. ती सवय इथे घातक आहे. क्लेम वाचणारा गृहीत धरतो की वेगळा शब्द म्हणजे वेगळा भाग. पडदा आणि झिल्ली असे दोन शब्द दिसले की तो आकृतीत दोन भाग शोधतो. एका भागाला एकच नाव, आणि ते नाव शंभर वेळा आले तरी शंभर वेळा तेच. चांगला मराठी लेखक असलेल्या अनुवादकाला हे फार जड जाते, हे मी समजू शकतो, पण इथे त्याने आपली शैली बाहेर चपलांशेजारी ठेवून यावे.

मग नाव कोणते घ्यायचे? राज्याचे भाषा संचालनालय 1960 मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या परिभाषा कोशांत चांगले शब्द आहेत. पण ‘उत्सर्जक’ म्हटल्यावर यावलच्या शेतकऱ्याला काय समजेल? तो ड्रीपर म्हणतो. धुळ्याकडे अहिराणी बोलणारा आणि रावेरकडे लेवा बोली बोलणारा, दोघेही ड्रीपरच म्हणतात. तर क्लेममध्येही ड्रीपरच असावा. वस्तूचे नाव बाजारातले घ्यावे आणि गुणधर्माचे नाव शास्त्राच्या पुस्तकातले. वस्तू हातात धरून दाखवता येते, म्हणून तिला बाजाराचे नाव पुरते. स्थितिस्थापकता दाखवता येत नाही, ती व्याख्येनेच पकडावी लागते. नुसते ‘नळी’ किंवा ‘छिद्र’ यांसारख्या सैल शब्दांना मात्र पुढे विशेषण जोडून बांधून घ्यावे लागते: ठिबक नळी, प्रवेशछिद्र, निर्गमछिद्र.

‘कप्प्यातील लवचिक पडद्याने झाकलेले छिद्र’ ही रचनाही तपासण्याजोगी आहे. कप्प्यात काय आहे, पडदा की छिद्र? मराठीत विशेषणे नामाच्या आधी रांगेने उभी राहतात आणि रांग लांबली की कोण कुणाचे ते कळेनासे होते. इंग्रजी वाक्याची लांबी टिकवण्याच्या हट्टापायी अनुवादक ही रांग वाढवत नेतो. त्याऐवजी आपल्या भाषेतली ‘जो–तो’ची रचना वापरावी: आधी नाम सांगून टाकावे आणि मग ‘जो’, ‘जी’, ‘जे’ ने त्याचे वर्णन जोडावे. यात मराठीला इंग्रजीवर एक मोठा वरचष्मा आहे. इंग्रजीच्या ‘इट’ आणि ‘विच’ ला लिंग नसते. आपल्याकडे पडदा पुल्लिंगी, पोकळी स्त्रीलिंगी, छिद्र नपुंसकलिंगी. ‘जी’ म्हटले की पोकळीच, ‘जे’ म्हटले की छिद्रच. म्हणून शेजारी येणाऱ्या भागांची नावे निवडताना शक्यतो वेगवेगळ्या लिंगाची निवडावीत. वरच्या वाक्यात ‘कप्पा’ आणि ‘पडदा’ दोन्ही पुल्लिंगी होते. ‘कप्पा’च्या जागी ‘पोकळी’ घेतली की निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

राहिले ‘छिद्र बंद करून’ आणि ‘समान ठेवते’. मुळात फट कमी होते, बंद होत नाही. बंद झाली तर पाणीच येणार नाही. आणि मुळात ‘सब्स्टॅन्शिअली कॉन्स्टंट’ आहे, म्हणजे जवळजवळ स्थिर. ‘समान’ मध्ये सूट नाही. ताशी 4 लिटरचा ड्रीपर 4.1 लिटर देऊ लागला तर तो ‘समान’ उरत नाही, पण ‘जवळजवळ स्थिर’ म्हणता येतो. ‘सुमारे’, ‘जवळजवळ’, ‘बहुतांशी’ हे शब्द ढिले वाटतात म्हणून काढून टाकायचा मोह होतो. क्लेम लिहिणाऱ्याने तो ढिलेपणा जाणूनबुजून मागून घेतलेला असतो. आकड्यांनाही हाच नियम. कारखान्यात दाब ‘किलो’त मोजतात आणि 1 बार म्हणजे सुमारे 1.02 किलो प्रति चौरस सेंटिमीटर. फरक लहान आहे, म्हणून क्लेममध्ये बारचे किलो करू नयेत. हवे तर सारांशात करावेत. ‘लेस दॅन 4’ ला ‘4 पर्यंत’ लिहू नये, कारण त्यात 4 येतो. आणि ‘दुपटीने वाढते’ हा प्रयोग तर पूर्ण टाळावा. दोनाचे चार झाले की सहा, यावर दोन माणसे भांडू शकतात. ‘दुप्पट होते’ म्हणावे.

एवढे सगळे सांभाळून तोच क्लेम असा होतो:

> हक्कदावा 1. ठिबक नळीच्या (11) आत बसवण्याचा ड्रीपर (10), ज्यात पुढील गोष्टींचा समावेश आहे:
> कवच (12), ज्यात प्रवेशछिद्र (13) आणि निर्गमछिद्र (14) आहे;
> नागमोडी मार्ग (15), जो सदर प्रवेशछिद्रातून (13) आलेले पाणी पोकळीत (16) नेतो;
> सदर पोकळी (16), जी सदर निर्गमछिद्राला (14) पाणी पोहोचवते, आणि
> स्थितिस्थापक पडदा (17), ज्याची एक बाजू सदर ठिबक नळीतील (11) दाबाला आणि दुसरी बाजू सदर पोकळीतील (16) दाबाला सामोरी आहे;
> सदर पडदा (17) अशा रीतीने बसवलेला आहे की सदर ठिबक नळीतील (11) दाब 0.5 ते 4 बारच्या मर्यादेत वाढला असता सदर पडदा (17) आणि सदर निर्गमछिद्र (14) यांमधील अंतर कमी होते, आणि सदर निर्गमछिद्रातून (14) ताशी बाहेर पडणारे पाणी जवळजवळ स्थिर राहते.

‘हक्कदावा’ हा शब्द मुद्दाम घेतला आहे. नुसता ‘दावा’ हिंदीत चालतो, पण मराठी कोर्टकचेरीत दावा म्हणजे दाखल केलेला खटला. पेटंटभंगाचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खालच्या न्यायालयात दाखल करता येत नाही, असे कलम 104 सांगते. तिथल्या मराठी कागदात ‘दाव्यातील दावा क्रमांक 1’ असे लिहावे लागले, तर वाचणाऱ्याने काय समजायचे?

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: मराठी अनुवादाला कायद्याचे बळ नाही, मग एवढा काथ्याकूट कशाला? बळ नाही हे खरे, आणि प्रत्येक अनुवादाच्या डोक्यावर ‘मूळ मजकूर अंतिम’ असे छापलेच पाहिजे. पण माणूस निर्णय घेतो तो त्याला समजलेल्या मजकुरावर. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मंजूर होण्याआधी कलम 25 नुसार कुणालाही विरोध नोंदवता येतो. आपल्या गावात हीच रचना आधीपासून उघडपणे वापरात आहे, असे एखाद्या शेतकऱ्याला दाखवायचे असेल, तर नेमके कशावर हक्क मागितला आहे हे त्याला आधी कळले पाहिजे. वर्णनातली वीस पाने वाचून ते कळत नाही. क्लेमच वाचावा लागतो, आणि तो नेमका वाचावा लागतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याचे उत्तर युरोपात आहे. युरोपीय पेटंट कार्यालय मंजूर पेटंटाचे संपूर्ण विनिर्देश एकाच भाषेत प्रसिद्ध करते, पण क्लेम मात्र इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा तिन्ही भाषांत असावे लागतात. म्हणजे जिथे हद्द आहे तेवढेच भाषांतर करायचे. एक-दोन पाने. ठिबक, केळी प्रक्रिया, डाळ मिल, कापूस वेचणी एवढ्याच विषयांपासून सुरुवात केली आणि एका शब्दसूचीवर विद्यापीठाने, कृषी संशोधन केंद्राने आणि कारखानदारांनी मिळून शिक्कामोर्तब केले, तर काम आवाक्यातले आहे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने हे आपल्याकडे घ्यावे, असे मला मनापासून वाटते. अभियंते, भाषेचे अभ्यासक आणि कायद्याचे जाणकार एका टेबलावर बसवणे विद्यापीठालाच सर्वांत सोपे जाते.

तपासणीही त्याच टेबलावर करता येते. मूळ क्लेम न पाहिलेल्या माणसाकडून मराठीचे पुन्हा इंग्रजी करून घ्यावे आणि घटक एकासमोर एक मांडावेत. संगणकावर प्रत्येक शब्द शोधून मोजावा: मुळात ‘डायफ्राम’ जितक्या वेळा, मराठीत ‘पडदा’ तितक्याच वेळा, फरक आला तर प्रत्येक फरकाचे कारण सांगता आले पाहिजे. आणि शेवटी मराठी क्लेम व क्रमांक पुसलेली आकृती एखाद्या फिटरला द्यावी, आणि क्रमांक त्याला लिहायला सांगावे. त्याने 16 च्या जागी 17 लिहिला तर चूक फिटरची नाही. ते वाक्य पुन्हा लिहावे.

हे सगळे करण्याआधी मात्र एक गोष्ट पाहिली पाहिजे: हाती असलेला क्लेम कोणता आहे? प्रसिद्ध झालेल्या अर्जातले क्लेम आणि मंजूर झालेले क्लेम पुष्कळदा वेगळे असतात, कारण परीक्षणात ते आवळले जातात. मंजुरीनंतरही कलम 57 ते 59 च्या मर्यादेत त्यांत दुरुस्ती होऊ शकते. शोधताना आधी सापडतो तो अर्जाचा मजकूर, आणि त्यातला पहिला हक्कदावा बहुधा जास्त रुंद असतो. म्हणून अनुवादाच्या पहिल्याच ओळीत पेटंटचा किंवा अर्जाचा क्रमांक, मंजुरी झाली असल्यास तिची तारीख आणि ‘हे मंजूर हक्कदावे आहेत’ किंवा ‘हे अर्जातील हक्कदावे आहेत, अद्याप मंजूर नाहीत’ यांपैकी एक वाक्य लिहिलेले असावे. ती ओळ नसेल तर तो कागद साचा कापणाऱ्याच्या हाती देऊ नये.